ऑल्वेज, नेव्हर, यूज्वली: वाक्यात नेमके कुठे बसतात?

प्रश्न: मी सांगलीत स्टाफ नर्स आहे, परदेशी नोकरीसाठी ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेची तयारी करते आहे. ‘ऑल्वेज, यूज्वली, नेव्हर हे मुख्य क्रियापदाच्या आधी आणि टू बीच्या नंतर’ हा नियम शाळेपासून पाठ आहे. तरी पत्र तपासून आलं की याच शब्दांखाली लाल रेघा असतात. पत्रातला हा भाग बघा: ‘ही टेक्स ऑल्वेज हिज मॉर्निंग टॅब्लेट. ही डज नॉट समटाइम्स टेक द ईव्हनिंग टॅब्लेट. ही हॅज यूज्वली डिनर लेट. हिज ब्लड प्रेशर यूज्वली इज हाय इन द ईव्हनिंग. ही डेली स्मोक्स फाइव्ह सिगारेट्स. ही हॅज नेव्हर नॉट बीन अ‍ॅडमिटेड टु हॉस्पिटल. ही इज ऑल्वेज आस्किंग व्हेन ही कॅन गो होम.’ नियम माहीत असून चुकतं कुठे?

उत्तर:

तुमचा नियम खोटा नाही, पण तो वापरायचा तर आधी वाक्यातलं मुख्य क्रियापद कोणतं हे ओळखावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘डू’ ही क्रियापदं दोन वेशांत फिरतात. ‘ही हॅज टेकन द टॅब्लेट’ मध्ये ‘हॅज’ नुसता मदतनीस आहे, तर ‘ही हॅज डिनर लेट’ मध्ये तोच ‘हॅज’ मुख्य काम करतो. लिहिण्याच्या भरात डोळ्याला फक्त ‘हॅज’ दिसतो, हात सवयीने त्याच्यानंतर ‘यूज्वली’ लिहून मोकळा होतो. म्हणून मी नर्सेसना शिकवताना हा नियम बाजूला ठेवायला सांगतो आणि एकच चाचणी देतो: वाक्याचा प्रश्न करा.

हो-नाही उत्तराचा साधा प्रश्न. तो केला की वारंवारता सांगणाऱ्या शब्दाची जागा प्रत्येक वेळी एकच निघते, कर्त्याच्या लगेच नंतर. ‘डज ही यूज्वली हॅव डिनर लेट?’ ‘इज द पेन यूज्वली वर्स अ‍ॅट नाइट?’ ‘हॅज ही ऑल्वेज लिव्ह्ड अलोन?’ ‘कॅन शी ऑल्वेज वॉक विदाउट सपोर्ट?’ चारही प्रश्नांत क्रियापदं निरनिराळी आहेत, काळही निराळे, पण कर्ता संपला की लगेच तो शब्द. इथे आधी की नंतर असा पेचच उरत नाही.

आता प्रश्न परत विधानात आणा. प्रश्नात पुढे गेलेला शब्द कर्त्याच्या मागे आपल्या जागी परततो. ‘इज’ परतला की ‘द पेन इज यूज्वली वर्स’ होतं, ‘हॅज’ परतला की ‘ही हॅज ऑल्वेज लिव्ह्ड अलोन’, ‘कॅन’ परतला की ‘शी कॅन ऑल्वेज वॉक’. तुमच्या नियमातलं ‘नंतर’ ते हेच. पण ‘डज’ परतताना गायब होतो, फक्त आपला ‘स’ पुढच्या क्रियापदाला चिकटवून जातो, आणि उरतं ‘ही यूज्वली हॅज डिनर लेट’. तुमच्या नियमातलं ‘आधी’ ते हे. म्हणजे नियम दोन नाहीतच. शब्द जागचा हलत नाही, त्याच्या आधीचं सहायक क्रियापद कधी दिसतं, कधी दिसत नाही, एवढाच फरक.

मराठीच्या कानाला ही जागा उपजत कळत नाही, त्याला कारण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि मदतनीसही त्याच्या मागेच येतो: ‘घेत असतात’, ‘घेतलेली आहे’. ‘नेहमी’, ‘बहुतेकदा’ हे शब्द त्या सगळ्याच्या अलीकडे कुठेही चालतात. ‘ते नेहमी सकाळची गोळी घेतात’ म्हणा की ‘सकाळची गोळी ते नेहमी घेतात’ म्हणा, ऐकणारा अडत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये हा शब्द घुसलेला चालत नाही. ‘टेक्स ऑल्वेज हिज टॅब्लेट’ ही तुमची पहिली चूक त्याच जातीची. ‘डज ही ऑल्वेज टेक हिज मॉर्निंग टॅब्लेट?’ असा प्रश्न केलात तर ‘ऑल्वेज’ला ‘टेक’च्या पलीकडे जायला वावच मिळत नाही. विधान होतं ‘ही ऑल्वेज टेक्स हिज मॉर्निंग टॅब्लेट’.

तिसरं वाक्य जेवणाचं, ते वर आपोआप सुटलं. त्याच ‘हॅज’चा आणखी एक अवतार तुमच्या पत्रांत नक्की येणार, तो म्हणजे ‘हॅज टू’. ‘ही हॅज ऑल्वेज टू यूज अ स्टिक’ असं बरेच जण लिहितात. प्रश्न करा: ‘डज ही ऑल्वेज हॅव टू यूज अ स्टिक?’ इथेही ‘डज’ आला, म्हणजे ‘हॅज’ मदतनीस नव्हे. म्हणून ‘ही ऑल्वेज हॅज टू यूज अ स्टिक’. मदतनीस दोन किंवा तीन असले तरी प्रश्नात पुढे जातो तो फक्त पहिला, म्हणून शब्दही पहिल्याच्याच मागे येतो: ‘दिस मेडिसिन शुड ऑल्वेज बी टेकन विथ फूड’. ‘शुड बी ऑल्वेज टेकन’ नको.

चौथं वाक्य, ‘हिज ब्लड प्रेशर यूज्वली इज हाय’. याला मी अर्धी चूक म्हणेन. इंग्रज माणूस बोलताना ‘इज’वर जोर देऊन असं म्हणू शकतो, समोरचा शंका घेत असेल तर विशेषच: ‘आज बरं दिसतंय, पण एरवी असतंच हाय’ अशा सुरात. रेफरल पत्रात कोणी शंका घेतलेली नसते, त्यामुळे तो जोर विनाकारण वाटतो. तिथे ‘इज यूज्वली हाय’ हेच लिहा.

पाचवं वाक्य वेगळ्या कारणाने चुकतं, आणि ही चूक महाराष्ट्रातच काय, सगळ्या भारतात ऐकू येते. ‘आय डेली टेक बाथ’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मराठीत ‘रोज’ आणि ‘नेहमी’ एकाच जागेवर बसतात, म्हणून आपण ‘डेली’लाही ‘ऑल्वेज’ची खुर्ची देतो. इंग्रजीत मात्र या शब्दांचे दोन गट आहेत. एक अंदाज सांगणारा: ऑल्वेज, यूज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. यांना मधली जागा. दुसरा मोजून सांगणारा: डेली, एव्हरी नाइट, ट्वाइस अ वीक, वन्स अ मंथ. यांना वाक्याचा शेवट, क्वचित सुरुवात, पण मध्ये सहसा नाही. नर्स म्हणून हा फरक लक्षात ठेवायला तुम्हाला सोपा जाईल, कारण ज्या शब्दावरून औषधाच्या चार्टवर वेळ टाकता येते तो शेवटी जातो. ‘ट्वाइस डेली’ म्हटलं की तुम्ही दोन वेळा लिहू शकता, ‘ऑफन’वरून काहीच लिहिता येत नाही. म्हणून ‘ही स्मोक्स फाइव्ह सिगारेट्स अ डे’. इथे ‘डेली’ वाक्याच्या शेवटी आला तरी चालेल, पण माणूस दिवसाला किती सिगारेटी ओढतो हे सांगताना ‘अ डे’ जास्त रुळलेलं आहे. गोळ्यांच्या बाबतीत ‘डेली’ छान बसतो: ‘वन टॅब्लेट ट्वाइस डेली’.

दुसऱ्या वाक्यावर जरा जास्त थांबू या, कारण तिथे चुकलं तर केवळ व्याकरण बिघडत नाही, डॉक्टरांना चुकीची माहिती जाते.

‘ही डज नॉट समटाइम्स टेक द ईव्हनिंग टॅब्लेट.’ तुम्हाला म्हणायचं आहे की ते संध्याकाळची गोळी कधी कधी घेत नाहीत. इंग्रजीत ‘नॉट’च्या उजवीकडे जे येतं त्यावर ‘नॉट’ची सत्ता चालते, डावीकडे जे राहतं ते तिच्या बाहेर असतं. ‘कधी कधी’ ही गोष्ट तुम्हाला नाकारायची नाही, नाकारायचं आहे ते गोळी घेणं. म्हणून ‘समटाइम्स’ ‘नॉट’च्या डावीकडे हवा: ‘ही समटाइम्स डज नॉट टेक द ईव्हनिंग टॅब्लेट’. त्याहून सरळ म्हणजे नकारच काढून टाका: ‘ही समटाइम्स मिसेस द ईव्हनिंग टॅब्लेट’. पत्रात मी हेच पसंत करतो, कारण ‘मिस’ हा शब्द तिथल्या वॉर्डात रोज वापरातला आहे आणि वाचणाऱ्याला ‘नॉट’ कशावर आहे याचा विचार करावा लागत नाही.

इथे चौकस वाचक विचारेल की प्रश्नाच्या चाचणीप्रमाणे तर शब्द ‘डज’च्या नंतर यायला हवा होता. बरोबर आहे, होकारी वाक्यात तसंच होतं. नकार आला की मात्र जागा दोन होतात, एक ‘नॉट’च्या आधीची आणि एक नंतरची, आणि कुठली घ्यायची ते अर्थ ठरवतो. चाचणी इथे अपुरी पडते.

आता ‘ऑल्वेज’ बघा. मराठीत ‘ते नेहमी गोळी घेत नाहीत’ हे वाक्य तोंडाने उच्चारून पाहा. एका सुरात त्याचा अर्थ ‘घेतात, पण प्रत्येक वेळी नाही’ असा होतो, दुसऱ्या सुरात ‘हे त्यांचं नेहमीचंच, घेतच नाहीत’ असा. आपण आवाजाने आणि एखाद्या ‘च’ने काम भागवतो. इंग्रजीत ते काम शब्दांच्या क्रमावर सोपवलेलं आहे. ‘ही डज नॉट ऑल्वेज टेक इट’ म्हणजे काही वेळा घेतो, काही वेळा राहते. ‘घेतच नाही’ यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द ठेवलेला आहे: ‘ही नेव्हर टेक्स इट’. ‘ही ऑल्वेज डज नॉट टेक इट’ असं जवळपास कोणी म्हणत नाही, ऐकणारा क्षणभर गोंधळतो आणि मग आपल्या मनाने एक अर्थ लावतो.

रक्तदाबाच्या रुग्णाच्या पत्रात याचा परिणाम काय होतो ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. गोळी अधूनमधून राहत असेल तर डॉक्टर आठवण राहण्याची काही सोय सुचवतील. मुळीच घेत नसेल तर का घेत नाही ते विचारतील. आणि प्रत्येक वेळी घेऊनही प्रेशर चढं असेल तर औषध किंवा मात्रा बदलण्याचा विचार करतील. ‘डज नॉट ऑल्वेज’, ‘नेव्हर’ आणि ‘ऑल्वेज’ या तिघांमागे तीन वेगळे निर्णय उभे आहेत.

‘ऑफन’ या बाबतीत सगळ्यांत फसवा, कारण त्याच्या दोन्ही जागा व्याकरणात बसतात आणि अर्थ मात्र बदलतो. ‘शी डज नॉट ऑफन स्लीप अ‍ॅट नाइट’ म्हणजे ती रात्री क्वचितच झोपते. ‘शी ऑफन डज नॉट स्लीप अ‍ॅट नाइट’ म्हणजे तिला बऱ्याच रात्री झोप लागत नाही. पहिल्यात झोपेच्या रात्री थोड्या, दुसऱ्यात जागरणाच्या रात्री बऱ्याच. ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी टाकली तर लाल रेघ कदाचित येणारही नाही, कारण व्याकरण शुद्ध आहे, पण निद्रानाश किती गंभीर आहे ते कागदावर चुकीचं जाईल. ‘यूज्वली’ त्या मानाने गरीब: ‘डोन्ट यूज्वली’ आणि ‘यूज्वली डोन्ट’ यांत एवढा फरक पडत नाही. बोलण्यात पहिलं जास्त ऐकू येतं. रुग्णाने ‘आय डोन्ट यूज्वली ईट ब्रेकफास्ट’ म्हटलं किंवा ‘आय यूज्वली डोन्ट’ म्हटलं, तुम्ही एकच नोंद कराल.

आणि मग सहावं वाक्य, ‘हॅज नेव्हर नॉट बीन अ‍ॅडमिटेड’. हे थेट मराठीतून आलं आहे. ‘ते कधीच अ‍ॅडमिट झालेले नाहीत’ यात ‘कधीच’ही लागतो आणि ‘नाहीत’ही लागतो, एक काढला तर वाक्य लंगडं होतं. इंग्रजीतल्या ‘नेव्हर’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. वरून ‘नॉट’ घातलात की दोन नकार एकमेकांना खातात आणि ‘अ‍ॅडमिट नाहीत असं कधी झालंच नाही’ असा उलटा अर्थ निघतो. नकारापुरतं ‘ही हॅज नेव्हर बीन अ‍ॅडमिटेड टु हॉस्पिटल’ एवढंच पुरे. ‘रेअरली’, ‘सेल्डम’ आणि ‘हार्डली एव्हर’ यांनाही हेच लागू. तेही नकाराच्याच घरातले, त्यांच्याबरोबर ‘नॉट’ येत नाही. ‘ही डज नॉट रेअरली ड्रिंक’ असं लिहिलंत तर तो बऱ्यापैकी पिणारा आहे असा अर्थ निघू शकतो, आणि त्या बिचाऱ्याने वर्षातून एकदा घेतलेली असते.

नर्सेसच्या बाबतीत मला एक लक्षण नेहमी दिसतं: ‘नेव्हर’ आणि ‘नॉट’ एकत्र येतात ते लांब वाक्यात, जिथे कर्ता आणि क्रियापद यांच्यात बरंच काही घुसलेलं असतं. ‘नेव्हर’ लिहून होतो, मग विचार मराठीत चालू राहतो आणि क्रियापदापाशी पोचेपर्यंत ‘नाही’ परत आठवतं. पत्र संपलं की ‘नेव्हर’ असलेलं प्रत्येक वाक्य शोधून त्यात दुसरा नकार आहे का तेवढं बघा. ‘डोन्ट’, ‘हॅजन्ट’, ‘कान्ट’ यांच्या शेपटीतला नकारही मोजायचा. ‘ही हॅजन्ट नेव्हर’ हेही त्यातच आलं.

सातव्या वाक्यात शब्द अगदी बरोबर जागी आहे. ‘ही इज ऑल्वेज आस्किंग व्हेन ही कॅन गो होम’. प्रश्न करून पाहा, ‘इज ही ऑल्वेज आस्किंग?’ निर्दोष. तरी तपासणाऱ्याने रेघ मारली, आणि ती योग्य आहे. चालू वर्तमानकाळात ‘ऑल्वेज’ आला की इंग्रजीत बहुधा त्रासल्याचा सूर लागतो, ‘सारखं आपलं घरी कधी जायचं, घरी कधी जायचं’ असा. मुलांबद्दल किंवा शेजाऱ्यांबद्दल कौतुकाने किंवा वैतागून बोलताना तो शोभतो. व्यावसायिक पत्रात रुग्णाबद्दल असं लिहिणं म्हणजे नर्स त्याला कंटाळली आहे असं कागदावर नोंदवणं. ओईटीचं पत्र सहा निकषांवर तपासलं जातं, त्यांत भाषा हा एक आणि शैली हा वेगळा निकष आहे. हे वाक्य भाषेत पास होऊन शैलीत मार खातं. साधा वर्तमानकाळ घ्या आणि ‘ऑल्वेज’ऐवजी तटस्थ शब्द: ‘ही फ्रीक्वेंटली आस्क्स व्हेन ही कॅन गो होम’. हेच वेदनाशामकांबद्दल. ‘शी इज ऑल्वेज आस्किंग फॉर पेनकिलर्स’ वाचून डॉक्टरांच्या मनात रुग्णाविषयी संशय उभा राहू शकतो, ‘शी फ्रीक्वेंटली रिक्वेस्ट्स पेन रिलीफ’ वाचून तिला त्रास होतो आहे हे कळतं.

तुमचा परिच्छेद आता असा होईल: ‘ही ऑल्वेज टेक्स हिज मॉर्निंग टॅब्लेट बट समटाइम्स मिसेस द ईव्हनिंग वन. ही यूज्वली हॅज डिनर लेट, अँड हिज ब्लड प्रेशर इज यूज्वली हाय इन द ईव्हनिंग. ही स्मोक्स फाइव्ह सिगारेट्स अ डे. ही हॅज नेव्हर बीन अ‍ॅडमिटेड टु हॉस्पिटल बिफोर. ही फ्रीक्वेंटली आस्क्स व्हेन ही कॅन गो होम.’ पहिली दोन वाक्यं मी जोडली, कारण एक गोळी न चुकता आणि दुसरी चुकते हा विरोध डॉक्टरांना एकत्र दिसायला हवा. शेवटी ‘बिफोर’ घातला तो एवढ्यासाठी, की सध्या ते अ‍ॅडमिट आहेतच. तो नसता तर वाक्य खोटं ठरलं असतं.

पत्रात आणखी एक जागा तुमची वाट बघते आहे, सल्ल्याची. तिथे एका वाक्यात दोन क्रियापदं येतात आणि शब्द ज्याच्याजवळ बसेल त्याचा होतो. ‘आय हॅव ऑल्वेज अ‍ॅडव्हाइज्ड हिम टू टेक इट विथ फूड’ म्हणजे मी त्यांना नेहमी सांगत आले. ‘आय हॅव अ‍ॅडव्हाइज्ड हिम टू ऑल्वेज टेक इट विथ फूड’ म्हणजे सांगितलं एकदाच, घ्यायची मात्र नेहमी. तुम्हाला जवळपास प्रत्येक वेळी दुसरा अर्थ हवा असतो. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालणं जुन्या वळणाच्या शिक्षकांना खटकतं, पण आजच्या इंग्रजीत ते सर्रास आहे आणि इथे अर्थ स्वच्छ ठेवतं. ‘नेव्हर’ मात्र ‘टू’च्या आधीच बरा: ‘ही वॉज अ‍ॅडव्हाइज्ड नेव्हर टू स्किप अ डोस’.

तुम्ही लेखनाचं विचारलंत, पण बोलण्याच्या परीक्षेतही हेच शब्द लागतात, आणि तिथे दोन ठिकाणी वरची चाचणी उपयोगाची नाही. दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, आणि दोन्हींत तुम्ही नर्सच असता. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक. तिला माहिती विचारताना ‘डू यू नेव्हर फील डिझी?’ असं म्हणू नका. इंग्रजीत त्यात आश्चर्य किंवा टोचणी ऐकू येते, ‘तुम्हाला कधीच चक्कर येत नाही?’ अशी. सरळ चौकशीला ‘एव्हर’ आहे: ‘डू यू एव्हर फील डिझी?’ ‘हॅव यू एव्हर हॅड चेस्ट पेन?’ जागा नेहमीचीच, कर्त्याच्या मागे. फक्त ‘एव्हर’ प्रश्नात आणि नकारात राहतो, साध्या होकारी उत्तरात येत नाही. रुग्ण ‘आय एव्हर फील डिझी’ म्हणणार नाही, ‘समटाइम्स’ म्हणेल.

पहिलं वेगळं ठिकाण म्हणजे तोकडी उत्तरं. समोरून प्रश्न येतो आणि उत्तराचं वाक्य मदतनीसावरच संपवायचं असतं. तेव्हा क्रम उलटतो. ‘आर यू ऑन टाइम फॉर युवर अपॉइंटमेंट्स?’ याला ‘आय ऑल्वेज अ‍ॅम’ असं उत्तर येतं, ‘आय अ‍ॅम ऑल्वेज’ नाही. ‘इज इट वर्स अ‍ॅट नाइट?’ ‘इट यूज्वली इज.’ ‘डू यू टेक इट विथ फूड?’ ‘आय यूज्वली डू.’ ‘हॅव यू एव्हर स्मोक्ड?’ ‘नो, आय नेव्हर हॅव.’ पुढे काहीच नसल्यामुळे वाक्याचा सगळा भार त्या ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘हॅव’वर पडतो, आणि भार घेणारा शब्द शेवटी असावा लागतो. ‘आय’म ऑल्वेज’ असं अर्धवट सोडलं तर इंग्रजाला वाटतं की तुम्ही पुढे काहीतरी बोलणार आहात, आणि तो थांबून राहतो.

दुसरं वेगळं ठिकाण म्हणजे सूचना. तिथे कर्ता नाही, मग कर्त्यामागची जागा कुठली? शब्द सरळ सुरुवातीला: ‘ऑल्वेज चेक द एक्सपायरी डेट’, ‘नेव्हर रीकॅप अ यूज्ड नीडल’. नकारी सूचनेत ‘ऑल्वेज’ फारसा येत नाही, ‘नेव्हर’नेच काम होतं.

विधानाच्या सुरुवातीला यांतला कोणता शब्द टाकायचा यावर मात्र बंधन आहे. ‘समटाइम्स’, ‘यूज्वली’, ‘ऑकेजनली’ निर्धास्त टाका: ‘समटाइम्स द पेन स्प्रेड्स टु हिज लेफ्ट आर्म’. ‘ऑल्वेज’ने विधान सुरू करू नका. ‘नेव्हर’, ‘रेअरली’ने सुरुवात केली तर पुढचं वाक्य प्रश्नासारखं उलटावं लागतं, ‘रेअरली डज ही कम्प्लेन’. व्याकरण शुद्ध आहे, पण सूर भाषणबाजीचा लागतो. डिस्चार्ज पत्रात तो कशाला?

शेवटचं, वेळेचं. पत्राला वाचनाची 5 मिनिटं सोडली तर 40 मिनिटं मिळतात आणि पत्र 180 ते 200 शब्दांचं लिहायचं असतं. प्रत्येक वाक्याचा प्रश्न करत बसलात तर वेळ पुरायचा नाही. लिहिताना हात मोकळा सोडा. शेवटी तपासताना फक्त हे शब्द असलेली वाक्यं उचला, एका पत्रात ती मोजकीच निघतात. त्यांतही आधी ‘नॉट’ असलेली बघा, मग ‘हॅज’ आणि ‘हॅव’ असलेली. ‘इज’ आणि ‘कॅन’च्या वाक्यांत चूक झाली तरी अर्थ सहसा शाबूत राहतो, ‘नॉट’च्या वाक्यांत राहत नाही, म्हणून वेळ कमी असेल तर ‘नॉट’ला आधी हात घाला.